बँकेच्या शेअरची नाडी: व्याजाचे मार्जिन आणि थकलेली कर्जे

बँकेचा कच्चा माल पैसा असतो आणि पक्का मालही पैसाच. ठेवीदाराकडून तो एका दराने घ्यायचा आणि कर्जदाराला त्याहून चढ्या दराने द्यायचा, एवढाच मूळ धंदा. म्हणून बँकेचा शेअर पारखताना दोन प्रश्न आधी येतात. दोन दरांमधल्या फरकातून बँक किती कमावते? आणि दिलेला पैसा परत येतो का? पहिल्याचे उत्तर निव्वळ व्याज मार्जिन देते, दुसऱ्याचे ढोबळ एनपीए. दर तिमाहीच्या निकालात हे दोन आकडे छापलेले असतात. मात्र ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले तरच खरे बोलतात.

मार्जिनचा हिशेब सोपा आहे. एखाद्या बँकेने कर्जे, सरकारी रोखे वगैरे मिळून सरासरी १ लाख कोटी रुपये व्याज देणाऱ्या मालमत्तेत गुंतवले आहेत, असे समजू. त्यावर वर्षभरात ८,५०० कोटी रुपये व्याज मिळाले. ठेवीदारांना आणि इतर देणेकऱ्यांना ५,००० कोटी व्याज द्यावे लागले. उरलेले ३,५०० कोटी हे बँकेचे निव्वळ व्याज उत्पन्न. त्याला १ लाख कोटींनी भागले की ३.५ टक्के मार्जिन येते. शाखांची भाडी, कर्मचाऱ्यांचे पगार, संगणक यंत्रणा, बुडणाऱ्या कर्जांची तरतूद आणि कर हे सगळे याच रकमेतून आणि शुल्कासारख्या इतर उत्पन्नातून भागवायचे असते.

मार्जिन जास्त म्हणजे बँक चांगली, असा समज सर्रास आढळतो. तो निम्माच खरा आहे. मार्जिन दोन वाटांनी वाढते. एक वाट स्वस्त ठेवींची. चालू खात्यावर बँक व्याज देत नाही आणि बचत खात्यावर अगदी थोडे देते. अशा खात्यांचा वाटा मोठा असलेल्या बँकेला कच्चा मालच स्वस्त पडतो आणि ते मार्जिन टिकाऊ असते. दुसरी वाट महाग कर्जांची. चढे व्याज तोच कर्जदार मान्य करतो, ज्याला इतरत्र स्वस्त कर्ज मिळत नाही. सूक्ष्म कर्जे देणाऱ्या लघु वित्त बँकांचे मार्जिन ७ टक्क्यांच्या वर दिसते, तर मोठ्या सरकारी बँकांचे ३ टक्क्यांच्या आसपास असते. याचा अर्थ पहिल्या दुप्पट कार्यक्षम आहेत असा नाही. त्यांनी जोखीम जास्त घेतली आहे आणि तिची किंमत व्याजात लावली आहे. म्हणून तुलना एकाच जातीच्या बँकांमध्येच करावी.

मार्जिन घसरले म्हणजे बँक आजारी पडली, असेही नाही. एचडीएफसी बँकेत १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी विलीन झाली आणि पुढच्याच तिमाहीत मार्जिन ४.१ वरून ३.४ टक्क्यांवर आले. गृहकर्जावरचे व्याज कमी असते आणि कंपनीने उभारलेला पैसा ठेवींपेक्षा महाग होता. घसरणीमागे मुख्यतः हेच कारण होते. कर्जे बुडाली म्हणून ती झाली नव्हती.

आता दुसरा आकडा. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते कर्ज अनुत्पादित ठरते, म्हणजेच एनपीए होते. अशा कर्जांची एकूण रक्कम भागिले बँकेची एकूण कर्जे, हे ढोबळ एनपीएचे प्रमाण. या रकमेतून बँकेने केलेली तरतूद वजा केली की निव्वळ एनपीए उरतो. निकालाच्या दिवशी बँका निव्वळ एनपीएचा आकडा ठळकपणे पुढे करतात. तो लहान असतो, म्हणून बरा दिसतो. पण कर्ज देताना किती निवड चुकली, हे ढोबळ आकडाच सांगतो. चुकीसाठी पदरचे किती पैसे आधीच बाजूला काढले, एवढेच निव्वळ आकड्यातून कळते.

या दोन आकड्यांची गाठ कशी पडते, ते वरच्याच बँकेत पाहता येते. तिच्या १ लाख कोटींपैकी ६५ हजार कोटींची कर्जे आहेत आणि त्यांवर सरासरी साडेनऊ टक्के व्याज येते, असे धरू. त्यातली ५ टक्के, म्हणजे ३,२५० कोटींची कर्जे थकली. एनपीए झालेल्या कर्जाचे व्याज प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे वर्षाचे जवळपास ३०९ कोटी गेले. ठेवीदाराचे व्याज मात्र थांबत नाही, कारण त्या कर्जात गेलेला पैसाही त्याचाच असतो. मार्जिन ३.५ वरून ३.२ टक्क्यांवर येते. शिवाय तारण असलेल्या कर्जावरही पहिल्या टप्प्यात किमान १५ टक्के तरतूद करावी लागते. ते आणखी ४८८ कोटी.

मुद्दल बुडाले तर हिशेब आणखी कठोर होतो. साडेतीन टक्के मार्जिनवर १०० रुपयांचे एक कर्ज पुरते बुडाले, तर ते भरून काढायला तेवढ्याच रकमेच्या अठ्ठावीस-एकोणतीस चांगल्या कर्जांचे वर्षभराचे मार्जिन खर्ची पडते, आणि तेही पगार-भाडी न मोजता. बँकेच्या धंद्यात एक चूक इतकी महाग असते.

येस बँकेच्या इतिहासात हे सारे घडताना दिसते. २०११ मध्ये बचत खात्याचे व्याजदर मुक्त झाले. मोठ्या बँका ४ टक्क्यांवर थांबल्या असताना येस बँकेने ६ आणि पुढे ७ टक्क्यांपर्यंत व्याज देऊ केले. म्हणजे तिचा कच्चा माल महाग होता. तरीही २०१६ च्या सुमारास तिचे मार्जिन ३.४ टक्क्यांच्या घरात होते आणि मार्च २०१६ अखेरचा ढोबळ एनपीए फक्त ०.७६ टक्के, म्हणजे ७४९ कोटी रुपये. ठेवी महाग, मार्जिन भक्कम आणि बुडीत कर्ज नगण्य. हे तीन आकडे एकत्र नांदणे अवघड आहे. ठेव महाग घेऊन मार्जिन राखायचे तर कर्ज त्याहून महाग द्यावे लागते, आणि महाग कर्ज घेणाऱ्या मोठ्या कंपन्या सहसा अडचणीतल्याच असतात. मग थकबाकी कुठे होती? जाणत्या वाचकाला तेव्हाच हा प्रश्न पडायला हवा होता.

उत्तर पुढच्या वर्षी आले. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीनुसार त्याच तारखेचा ढोबळ एनपीए ४,९२६ कोटी होता, म्हणजे बँकेने दाखवलेल्या आकड्याच्या साडेसहा पट. मार्च २०१७ साठी बँकेने २,०१८ कोटी दाखवले होते, तपासणीत ते सुमारे ८,३७४ कोटी निघाले. या तफावतीला बँकिंगच्या भाषेत ‘डायव्हर्जन्स’ म्हणतात आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर बँकेला जाहीर करावी लागते. एकदा तफावत निघाली तर मतभेद म्हणता येईल. सलग दोन वर्षे निघाली, तर त्या बँकेच्या आकड्यांवर विसंबू नये. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये हा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता.

५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि खात्यातून ५० हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढण्यास मनाई झाली. १४ मार्चला डिसेंबर तिमाहीचा निकाल आला. तोटा १८,५६४ कोटी, ढोबळ एनपीए १८.८७ टक्के आणि मार्जिन १.४ टक्के. एनपीए चढला तसे मार्जिन कोसळले, वरच्या काल्पनिक बँकेत घडले तसेच, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. स्टेट बँकेच्या पुढाकाराने जे नवे भांडवल आले, ते १० रुपये शेअर या भावाने.

थकबाकी लपते कशी? सर्वांत जुनी युक्ती म्हणजे जुने कर्ज फेडायला त्याच कर्जदाराला किंवा त्याच्या दुसऱ्या कंपनीला नवे कर्ज देणे. नव्वदावा दिवस उजाडण्याआधी हप्ता भरला जातो, कर्ज चांगले राहते आणि कागदोपत्री व्याजही जमा होत राहते. म्हणजे एकाच खोट्याने दोन्ही आकडे सजतात: एनपीए खाली राहतो, मार्जिन वर राहते.

लबाडी नसतानाही ढोबळ एनपीएचे प्रमाण फसवे असू शकते. समजा १,००० कोटींच्या कर्जांत ६० कोटी थकलेले आहेत, म्हणजे ६ टक्के. बँकेने त्यातले ३० कोटी पूर्ण तरतूद करून ताळेबंदातून काढून टाकले, म्हणजे राइट-ऑफ केले. उरली ९७० कोटींची कर्जे. मग २३० कोटींची नवी कर्जे वाटली. आता १,२०० कोटींत ३० कोटी थकीत, म्हणजे अडीच टक्के. वसुली मात्र एका रुपयाची झालेली नाही. शिवाय कालपरवा दिलेले कर्ज लगेच थकत नाही. ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आजारी पडते. म्हणून झपाट्याने कर्जे वाढवणाऱ्या बँकेचा एनपीए काही काळ आपोआप कमी दिसतो.

पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रचा ढोबळ एनपीए मार्च २०१८ मध्ये १९.४८ टक्के होता. मार्च २०२५ मध्ये तो १.७४ टक्क्यांवर आला. एवढी घसरण नुसत्या वसुलीतून होत नाही. सरकारी भांडवल, तरतुदी, राइट-ऑफ आणि नव्या कर्जांची वाढ या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून सुधारणा खोटी ठरत नाही. पण ती टिकाऊ आहे का, हे ओळखायचे तर ‘स्लिपेज’ हा आकडा पाहावा, म्हणजे त्या तिमाहीत नव्याने किती कर्ज थकीत झाले. राइट-ऑफ करून हा आकडा कमी करता येत नाही. जुना साठा साफ होत असताना नवी भर ओसरत असेल, तर कर्ज देण्याची रीत खरोखर सुधारली आहे. साठा घटतोय आणि भर तशीच येतेय, तर फक्त झाडू चांगला चालतोय.

स्लिपेज आणि राइट-ऑफचे आकडे बँकेने शेअर बाजाराला दिलेल्या तिमाही सादरीकरणात सहसा मिळतात. तफावत वार्षिक अहवालातल्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये असते, बहुतेकदा बऱ्याच आत. येस बँकेची मार्च २०१६ ची तफावत २०१७ च्या वार्षिक अहवालात छापलेली होती. शेअरने उच्चांक गाठला तो त्यानंतर वर्षभराहून अधिक काळाने.