घरचं गाईचं दूध शुद्ध आहे, पण तान्ह्या बाळासाठी नाही

आपल्या पिंपळनेरला गोठ्यातलं ताजं दूध सहज मिळतं. मग आईचं दूध कमी पडलं की आजी म्हणते, "डबा कशाला? गाईचं पाजा, पाणी घालून."

डब्यातली पावडरही बहुधा गाईच्या दुधाचीच असते. पण तिच्यात प्रथिनं आणि क्षार कमी केलेले असतात, लोह घातलेलं असतं. रोज 600 मिली पिणाऱ्या बाळाचा हिशोब बघा. गाईच्या दुधातून सुमारे 19 ग्रॅम प्रथिनं जातात, आईच्या दुधातून 6-7. हा जादा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो. लोह मात्र जेमतेम 0.3 मिलिग्रॅम मिळतं आणि तेही नीट शोषलं जात नाही. शिवाय काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं रक्त झिरपतं. बाळ गुटगुटीत दिसतं, पण तळवे आणि पापणीची आतली बाजू फिकट पडते.

उकळल्याने जंतू मरतात, लोह वाढत नाही. पाणी घातलं तर प्रथिनं घटतात, पण ताकदही घटते. म्हशीचं दूध तर आणखी जड.

पावडरही डब्यावरच्या मापानेच, उकळलेल्या पाण्यात बनवा. पुरवून वापरायला पातळ करू नका. आईचं दूध कमी वाटलं तर आधी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा. वर्ष होईपर्यंत गाईच्या दुधाची बाटली नकोच.