मधला खांब की तळातली चकती?

गेल्या श्रावणात आमच्या वॉशिंग मशीनमधून कपड्यांऐवजी एक दोरच बाहेर आला. सासूबाईंची सुती साडी, पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, परकर आणि ओढणी, सगळ्यांचा मिळून मनगटाएवढा जाड पीळ. परकराची नाडी शर्टाच्या बाहीला सात-आठ वेढे घालून बसली होती. घाईत मी एक टोक धरून जोरात ओढलं आणि बाही खांद्याच्या शिवणीतून उसवली. मशीनने नुसता पीळ घातला होता, शर्ट उसवला तो माझ्या ओढण्याने. असे बरेच कपडे धुताना नाही, सोडवताना फाटतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या नणंदेला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे असा पीळ नाही पडत. पण चादर टाकली की ती खांबाला गुंडाळून बसते." तिच्या मशीनच्या मधोमध उभा खांब आहे, आमच्या मशीनच्या तळाशी पसरट चकती. दोन्हींत कपडे वरूनच टाकायचे. झाकण लावल्यानंतरचं काम मात्र अगदी वेगळं.

खांबाला ॲजिटेटर म्हणतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीने 1922 साली जायराफोम नावाचं मशीन आणलं आणि त्यात हा ढवळणारा भाग टाकीच्या तळातून वर आणला. कपडे पाण्यातून ओढत नेण्यापेक्षा पाणीच कपड्यांतून ढकलायचं, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतल्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. चकतीचा वंश निराळा. ब्रिटनमध्ये हूवरच्या 1948 सालच्या मशीनमध्ये टाकीच्या बाजूच्या भिंतीला फिरती चकती होती. जपानमध्ये सान्योने 1953 साली त्याच धर्तीचं मशीन काढलं. पुढे ती चकती तळाशी आली. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आणि बहुतेक टॉप-लोडमध्ये दिसते ती हीच. दुकानात तिला पल्सेटर म्हणतात, कुठे इम्पेलर.

खांब गोल गोल फिरत नाही. तो एका बाजूला थोडा वळतो, लगेच उलटा येतो, घुसळताना रवी येते-जाते तसा. त्याचे पंख कपड्यांना खाली खेचतात, तळाशी बाहेर ढकलतात, आणि कपडे टाकीच्या भिंतीलगत वर येऊन पुन्हा खांबाकडे वळतात. या फेऱ्यातच मळ निघतो. फेरा नीट चालायचा तर कपडे पाण्यात मोकळे तरंगायला हवेत. पाणी कमी पडलं किंवा कपडे ठासून भरले, तर कपडे जागचे हलत नाहीत आणि पंख तेवढ्याच जागी ओढत राहतात. मग काजं सैलावतात, शिवणीवर ताण येतो, विणलेले कपडे ताणले जातात. एखादा लाल रुमाल वर टाकून पाहावा. तो काही मिनिटांत खाली जाऊन पुन्हा वर आला, तर फेरा चालू आहे. बराच वेळ वरच बसून राहिला, तर दोन-चार कपडे काढून घ्यावेत.

चकतीची गोष्ट उलटी. ती कपड्यांना खालून हलवते आणि कपडा कपड्यावर घासून मळ निघतो. म्हणून तिला पाणी कमी लागतं. फार पाणी झालं तर कपडे तिच्यापासून वर सुटतात आणि घासणं कमी होतं. पाणी कमी दिसतंय म्हणून वरून बादली ओतायची सवय अनेक घरांत आहे. त्याने साबण पातळ होतो आणि घासणंही घटतं. कमी पाण्याचा तोटाही आहे: पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्या पँटवर पांढरे पट्टे राहतात. ती आधी तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवून घेतली की हे टळतं. कपडा कपड्यावर घासत असल्यामुळे टॉवेल आणि टी-शर्ट एकत्र धुतले, तर टी-शर्टवर टॉवेलचे तंतू दिसणारच.

पाण्याचा हिशेब मी लाकडी पट्टीने केला. आमच्या टाकीचा व्यास 50 सेंटिमीटर आहे, म्हणजे पाण्याच्या दर सेंटिमीटर उंचीला जवळपास 2 लिटर. धुताना पाणी 22 सेंटिमीटरपर्यंत चढलं. म्हणजे 44 लिटर. नणंदेने तिकडे टेप लावून पाहिलं: व्यास 53 सेंटिमीटर, पाणी 35 सेंटिमीटर. खांबाची जागा वजा केली तरी सत्तरच्या आसपास लिटर. एका भरणीत हा दीडपटीहून जास्त फरक. पण तिचं मशीन धुण्याला एकदा आणि खळबळायला एकदा असं दोनदाच भरतं, आमचं तीनदा. एकूण दोन्हीकडे 130-140 लिटर! चकतीवर पाणी वाचतं हे खरं, पण किती वाचतं ते मशीन किती वेळा भरतं त्यावर ठरतं.

पीळ आणि पाणी यांचा संबंध इथेच येतो. चकती काही सेकंद एकाच दिशेने फिरते, थांबते, मग उलटी फिरते. त्या वेळात पाण्याला भोवरा पडतो आणि साडी, ओढणी, नाडी यांच्यासारखं जे लांब आणि हलकं असेल ते त्यात गुंडाळलं जातं. उलट्या फेरीत पीळ सुटायला हवा, पण तोवर टोकं दुसऱ्या कपड्यांखाली अडकलेली असतात. खांबाचा झोका लहान असतो आणि भोवऱ्याची मधली जागाही खांबानेच व्यापलेली असते, म्हणून तिथे दोर वळत नाही. फक्त लांब चादर खांबाभोवती बसते. आता पिळलेला गठ्ठा एका बाजूला पडला, की पिळण्याच्या वेळी टाकी हेलकावते. मशीन थांबतं, पुन्हा पाणी घेतं, कपडे विस्कटून परत फिरून बघतं. तरीही जमलं नाही, तर काही मशीनवर UE अक्षरं येतात. त्या दिवशी आमच्या मशीनने असं दोनदा पाणी घेतलं. वाचलेलं पाणी पिळाने खाल्लं.

पुढच्या आठवड्यात तेच कपडे पुन्हा लावले. साडीची घडी करून जाळीच्या पिशवीत घातली. परकराची नाडी आखडून गाठ मारली. शर्टांच्या बाह्यांचं बटण पुढच्या काजात अडकवलं. कपडे चकतीवर ढीग न करता कडेकडेने सैल सोडले आणि दोन जाड टॉवेल त्यांच्या समोरासमोर टाकले. पिळणं पहिल्याच खेपेत झालं, जादा पाणी लागलं नाही, आणि ओढणी एका झटक्यात वेगळी झाली.

नणंदेला मी चादर खांबाभोवती कडं करून टाकू नका, असं सांगितलं. आता त्या ती चुण्या पाडून, खांबाच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी सोडतात, आणि सोबत चार-सहा लहान कपडे टाकतात.