बिल थकलंय, पण कोणाकडे?

काम पुरं झालं, बिल निघत नाही, म्हणून सरकारी कार्यालयाला पत्र लिहायला बसलेल्या उपकंत्राटदाराला एक गोष्ट आधी पचवावी लागते: ते कार्यालय त्याचं काहीच देणं लागत नाही. निविदा मुख्य कंत्राटदाराची, कार्यारंभ आदेश त्याच्या नावे, अनामत त्याची आणि पैसे जमा होणार तेही त्याच्याच खात्यात. 2025 मध्ये जलजीवन मिशनच्या कामावरच्या एका उपकंत्राटदाराने आत्महत्या केली, तेव्हा सरकारकडून हेच सांगण्यात आलं, की त्याच्या नावावर बिल थकीत नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण कागदावर तसंच असतं.

म्हणून ‘माझे पैसे त्वरित अदा करावेत’ असं पत्र आवक क्रमांक मिळवतं आणि दप्तरी दाखल होतं. शिवाय कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देऊ नये, अशी अट निविदेत बहुधा असते. परवानगी नसेल, तर तुमचं पत्र मुख्य कंत्राटदारालाच अडचणीत आणतं. तो चिडतो आणि उरलेलं कामही हातचं जातं. तरीही पत्र लिहावं, फक्त पैसे मागण्याऐवजी माहिती मागावी.

समजा, शाळेच्या आवारात तुम्ही 800 चौरस मीटर पेव्हर ब्लॉक बसवले. दर 750 रुपये, म्हणजे एकूण 6 लाख. 2 लाख उचल मिळाली, 4 लाख बाकी. मुख्य कंत्राटदाराला विचारलं की तो म्हणतो, ‘वरून निधीच आला नाही हो.’ हे खरं असू शकतं; बिल मंजूर होऊनही निधीअभावी महिनोन्‌महिने पडून राहतं. पण ते तपासता येतं. झालेलं काम शाखा अभियंता मोजमाप पुस्तकात, साइटच्या भाषेत ‘एमबी’त, चढवतो. उपअभियंता ते तपासतो, मग बिल विभागाच्या लेखा शाखेत जातं, कार्यकारी अभियंता ते मंजूर करतो आणि निधी असेल तर रक्कम अदा होते. बिल यांपैकी कुठल्या टेबलावर आहे, हे कळलं की ‘निधी नाही’ या उत्तराचा खरेखोटेपणा कळतो.

तेव्हा कार्यकारी अभियंत्याच्या नावे पत्र करावं. विषयात कामाचं नाव निविदेत आहे तस्संच लिहावं, संदर्भात कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि तारीख द्यावी, कारण त्याशिवाय फाइल सापडत नाही. मजकूर चार ओळींचा पुरे:

‘उपरोक्त कामातील पेव्हर ब्लॉकची बाब मुख्य कंत्राटदारामार्फत मी पूर्ण केली आहे. सदर बाबीची मोजमाप पुस्तकात नोंद झाली आहे काय, झाली असल्यास किती परिमाणाची व कोणत्या देयकात, आणि ते देयक कोणत्या तारखेस अदा झाले, याची माहिती मिळावी, ही विनंती.’

खाली मुख्य कंत्राटदाराला प्रत, आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर हीच माहिती 10 रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकारात मागावी. तिथे 30 दिवसांची मुदत आहे.

उत्तर तीन तऱ्हेचं येतं. एमबीत नोंदच नसेल, तर शाखा अभियंत्याला साइटवर नेऊन मोजणी करून घेणं हेच काम. नोंद 800 ऐवजी 720 मीटरची असेल, तर भांडण पैशाचं नसून मापाचं आहे. आपली सहीची मोजणी असेल तरच ते लढता येतं. आणि तिसरं उत्तर सगळ्यांत बोलकं: नोंद पूर्ण आहे, तिसऱ्या चालू बिलात रक्कम मुख्य कंत्राटदाराला केव्हाच अदा झाली. आता ‘निधी नाही’ म्हणायला त्याला जागा उरत नाही.

मजुरांची गोष्ट निराळी. कंत्राटदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे इथे कार्यालयावर येते. पण तुमचा नफा आणि मालाची किंमत हे मजुरीत धरलं जात नाही.

यात वेळ मात्र जातो, आणि इथेच बरेच जण फसतात. केलेल्या कामाचे पैसे वसूल करण्यासाठी दाव्याची मुदत, दुसरा करार नसेल तर, काम झाल्यापासून 3 वर्षं असते. कार्यालयाला कितीही स्मरणपत्रं धाडली, तरी ती एका दिवसानेही वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य केली, तर मात्र ती नव्याने सुरू होते. म्हणून कार्यालयाचं उत्तर हाती आलं की खातेउतारा काढावा, ‘दिनांक अमुकअखेर 4 लाख रुपये देणे बाकी’ अशी ओळ त्यावर लिहावी आणि मुख्य कंत्राटदाराची सही व तारीख घ्यावी. तो सही टाळत राहिला, तर कार्यालयात खेटे घालणं थांबवून वकिलामार्फत त्यालाच नोटीस धाडावी.