‘तेज चलोगे तो हरिद्वार मिलोगे’: ट्रकमागच्या यमकांतला विनोद नेमका कुठे दडलाय?

महामार्गावर गाडी ट्रकच्या मागे अडकली की सहप्रवाशाचा मोबाइल बाहेर निघतो. ट्रकच्या पाठीवर रंगवलेल्या दोन ओळींचा फोटो काढला जातो आणि थोड्याच वेळात तो कुटुंबाच्या ग्रुपवर पोहोचतो. यातल्या बऱ्याच ओळी हिंदीत असतात, कारण ट्रक अनेक राज्यांतून धावतो आणि त्याचा वाचक कुठलाही असू शकतो. मराठी माणसाला शब्द कळतात, पण विनोद कधी कधी अर्धाच पोहोचतो. कारण तो बहुतेक वेळा एकाच शब्दात असतो.

हरिद्वारच का?

‘धीरे चलोगे तो बार बार मिलोगे, तेज चलोगे तो हरिद्वार मिलोगे.’ सरळ अर्थ असा: हळू चालाल तर पुन्हा पुन्हा भेटाल, जोरात चालाल तर हरिद्वारला भेटाल.

हे वाचून एखाद्याला तीर्थयात्रेचा बेत आठवेल. पण उत्तर भारतात अस्थी विसर्जनासाठी हरिद्वारला नेतात. म्हणजे दुसरी भेट होईल ती कलशातून! ‘मराल’ हा शब्द कुठेही नाही, उलट आमंत्रणाचा सूर आहे. ‘बार बार’ला ‘हरिद्वार’ इतके सहज जुळते की धमकी लक्षात येईपर्यंत माणूस हसलेला असतो.

मराठीत आणायचे तर गाव बदलावे लागेल. आपल्याकडे अनेक कुटुंबे अस्थी नाशिकला रामकुंडात विसर्जित करतात. तेव्हा ‘हळू हाकाल तर सुखात राहाल, सुसाट पळाल तर रामकुंड पाहाल’ असे म्हणता येईल. यमक जुळते, इशाराही कळतो. मात्र मूळ ओळीतले ‘पुन्हा भेटू’ हे आपुलकीचे बोलणे हातातून निसटते.

‘गेले’ म्हणजे कुठे गेले?

‘जिन्हें जल्दी थी, वो चले गए.’ या ओळीत यमक नाही, पण ती यमकांच्या शेजारी हमखास दिसते. ‘ज्यांना घाई होती, ते गेले.’ ओव्हरटेकसाठी चुळबुळणाऱ्या चालकाला आधी वाटते, बाकीचे पुढे निघून गेले, आपणच मागे राहिलो. मग दुसरा अर्थ लागतो: ते वरच गेले.

इथे मराठीला काहीच कसरत करावी लागत नाही. ‘आजोबा गेले’ म्हटले की कुणी ‘कुठे?’ असे विचारत नाही. हिंदीतला दुहेरी अर्थ मराठीत जसाच्या तसा उतरतो.

घामाला यमक मिळते, सुंदरी मिळत नाही

‘मालिक की गाड़ी, ड्राइवर का पसीना, चलती है रोड पर बनकर हसीना.’ गाडी मालकाची, घाम ड्रायव्हरचा, आणि रस्त्यावर ती चालते रूपसुंदरी बनून.

पहिला विनोद उघड आहे. धूळ उडवत, धूर सोडत चाललेल्या अवजड ट्रकला सुंदरी म्हटले आहे. दुसरा थोडा बोचरा आहे. गाडीचा डौल सगळ्यांना दिसतो, पण त्यासाठी रात्रंदिवस राबणाऱ्याच्या नावावर ती नाही. मालकावर थेट टीका नाही, पण हिशेब मांडलेला आहे. भाषांतरात हाच हिशेब टिकतो आणि यमक तुटते. ‘पसीना’ला ‘हसीना’ मिळते. मराठीत ‘घाम’ला ‘काम’, ‘दाम’, ‘राम’ मिळतात, त्यात सुंदरी एकही नाही.

वाचताना अंतर किती हवे?

या ओळींचा पहिला वाचक मागचा चालक असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. दोन ओळी वाचून अर्थ लावायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात सुमारे ५० मीटर रस्ता मागे पडतो. या वेगाला कोरड्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे, म्हणजे साधारण ३४ मीटरचे अंतर ठेवावे, असा साधा नियम आहे. पावसात ते दुप्पट हवे.

अंतर मोजायला यंत्र लागत नाही. ट्रकचा मागचा भाग एखाद्या खांबापाशी आला की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे म्हणावे. ते संपण्याआधीच आपली गाडी खांबापाशी पोहोचली, तर आपण फार जवळ आहोत. ठळक ओळींखालचे पेंटरचे बारीक नावही स्पष्ट वाचता येत असेल, तर मोजण्याचीही गरज नाही. वेग लगेच कमी करावा. फोटो सहप्रवाशानेच काढावा, कारण स्टीअरिंगवर असताना हातात मोबाइल धरणे गुन्हा आहे. शिवाय फोटोसाठी ट्रकच्या जवळ जाणाऱ्याला हरिद्वारचा अर्थ अजून कळलेला नाही, असेच म्हणावे लागेल.