फेअर वही नको, उजळणीची वही हवी

वर्गात घाईघाईत घेतलेल्या नोट्स घरी येऊन सुवाच्य अक्षरात ‘फेअर’ करायच्या, मथळ्यांखाली लाल रेघ ओढायची, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या मार्करने रंगवायच्या, हा आपल्याकडे अभ्यासच मानला जातो. आईवडिलांना ती वही बघून समाधान वाटतं आणि मुलांनाही. पण फेअर करताना मुलं फक्त उतरवतात. वर्गात अर्धवट राहिलेलं वाक्य फेअर वहीतही अर्धवटच राहतं, फक्त अक्षर बरं असतं. त्याच दोन तासांत त्याच नोट्समधून उजळणीची वही करता येते. तिच्यात मथळे, नेमक्या व्याख्या आणि स्वतःला विचारायचे प्रश्न असतात. हे काम कसं चालतं ते दहावीच्या विज्ञानातल्या एका पानावर पाहू. धडा आहे प्रकाशाचे अपवर्तन.

तासाला घेतलेलं पान साधारण असं असतं:

हवा → काच, किरण वाकतो, स्तंभिकेकडे. उलट – दूर.
नाणं, वाटी, पाणी – वर दिसतं.
स्नेल: sin i / sin r = स्थिर
पाणी १.३३, काच १.५, हिरा २.४२
घन माध्यम – वेग कमी (वजन नाही!!)
तारे लुकलुकतात, ग्रह नाही – ?

घेणाऱ्याला हे त्या दिवशी लख्ख कळतं. पंधरा दिवसांनी ‘वजन नाही’ म्हणजे काय आणि दोन उद्गारचिन्हं कशासाठी, हे त्यालाच आठवत नाही. म्हणून पहिलं काम त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी करायचं: वेगळ्या रंगाच्या पेनाने त्याच पानावर तुटक ओळी पुऱ्या करायच्या. पेन वेगळा यासाठी, की वर्गात सांगितलेलं कोणतं आणि आपण नंतर भरलेलं कोणतं हे पुढे ओळखता यावं. जे भरता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि ते पाठ्यपुस्तकातून किंवा शिक्षकांना विचारून सोडवायचं. या पानावर ते ताऱ्यांपाशी आहे. तारा इतका दूर असतो की तो प्रकाशाचा एकच बिंदू वाटतो. वातावरणातल्या हवेचा अपवर्तनांक सतत थोडाथोडा बदलत असल्यामुळे त्या बिंदूचा प्रकाश कमीजास्त होतो आणि तारा लुकलुकतो. ग्रह त्यामानाने जवळ असल्यामुळे अनेक बिंदूंचा मिळून बनल्यासारखा असतो, एकाचं कमी दुसऱ्याचं जास्त होऊन सरासरी कायम राहते. इतकं लिहिलं की प्रश्नचिन्ह खोडता येतं.

आता मथळे. इथे बहुतेक मुलं तासाचाच क्रम ठेवतात, आणि तिथेच चुकतात. शिक्षक नाण्याचा प्रयोग आधी दाखवतात, कारण त्याने वर्ग जागा होतो. उजळणीत मात्र नाणं शेवटी यायला हवं, कारण नियम कळल्याशिवाय नाणं वर का दिसतं हे सांगता येत नाही. या पानाचे चार मथळे पुरेसे आहेत: किरण केव्हा आणि का वळतो, किती वळतो, अपवर्तनांक काय सांगतो, डोळ्यांना होणारे भास. ‘अपवर्तन’, ‘स्नेल’, ‘इतर माहिती’ असे मथळे मी मुलांना देऊ देत नाही. मथळा वाचून खाली कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कळलं पाहिजे. आणि ‘इतर’ हा मथळा द्यावा लागला, तर त्याखालच्या गोष्टी अजून समजलेल्या नाहीत असं खुशाल समजावं. तारे आणि नाणं तासाला दोन टोकांना आले होते, पण दोन्ही ठिकाणी वस्तू नसेल तिथे दिसते किंवा नसेल तशी दिसते. म्हणून ते एका मथळ्याखाली येतात. हे लक्षात येणं हाच मथळे पाडण्याचा फायदा आहे.

सगळ्यात जास्त वेळ व्याख्यांना द्यावा. नोट्समध्ये आहे, ‘किरण वाकतो’. त्याची व्याख्या करायची तर कुठे, कोणत्या अटीवर आणि काय होतं, हे तिन्ही आलं पाहिजे: एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्या पारदर्शक माध्यमात तिरकस जाताना प्रकाशकिरणाची दिशा बदलते, तिला अपवर्तन म्हणतात. व्याख्या तपासायची एक सोपी रीत आहे. एकेक शब्द झाकायचा आणि वाक्य अजून खरं राहतं का ते बघायचं. इथे ‘तिरकस’ झाका. मग काचेवर सरळ लंब पडणारा किरणही वळायला हवा. तो वळत नाही. त्याचा वेग काचेत कमी होतो, पण तो स्तंभिकेवरूनच सरळ पुढे जातो. म्हणजे तो शब्द व्याख्येत हवाच. ज्या शब्दाला झाकून काहीच बिघडत नाही, तो काढून टाकावा.

‘घन माध्यम – वजन नाही’ ही ओळ तर व्याख्येशिवाय धोकादायक आहे. प्रकाशाच्या धड्यात घन माध्यम म्हणजे ज्यात प्रकाशाचा वेग कमी होतो ते. रॉकेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलकं आहे. पण रॉकेलचा अपवर्तनांक साधारण १.४४ आणि पाण्याचा १.३३, म्हणून प्रकाशासाठी रॉकेलच अधिक घन. व्याख्येसोबत असं एक उलटं उदाहरण लिहून ठेवलं की मुलं पुन्हा त्या चुकीत सापडत नाहीत. अपवर्तनांकाच्या व्याख्येसोबत सूत्र आणि एकक द्यावं. प्रकाशाच्या निर्वातातल्या वेगाला माध्यमातल्या वेगाने भागलं की अपवर्तनांक मिळतो. वेगाला वेगाने भागलं म्हणून त्याला एकक नाही. काचेसाठी १.५ म्हणजे निर्वातातला सेकंदाला ३ लाख किलोमीटरचा वेग काचेत २ लाख किलोमीटरवर येतो. व्याख्या लिहिल्यावर ती पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहणं अत्यावश्यक आहे. शब्द आपले असू देत, पण परीक्षेत संज्ञा पाठ्यपुस्तकातलीच लागते: नोट्समध्ये ‘वाकतो’ चालेल, उत्तरपत्रिकेत ‘अपवर्तन’ हवं.

राहिले प्रश्न. माझ्या मते वहीचा खरा उपयोग इथून सुरू होतो, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून दुसऱ्या वेळी तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६. पुन्हा पुन्हा वाचल्यावर जे ‘येतंय’ असं वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं असतं.

म्हणून प्रश्न आणि उत्तर एकाच वेळी दिसता कामा नये. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी यासाठी पानाची मांडणीच बदलली: डावीकडे सुमारे अडीच इंचांचा पट्टा प्रश्नांना, उजवीकडे नोट्स, तळाशी थोडक्यात सार. आपल्या वह्यांचा समास त्यापेक्षा अरुंद असतो. तेव्हा पान उभं दुमडून डावीकडचा तिसरा भाग मोकळा ठेवावा. उजळणीच्या वेळी उजवी बाजू कागदाने झाकता येते.

प्रश्न कसे लिहायचे? ‘अपवर्तन म्हणजे काय?’ हा एक ठीक आहे. पण सगळेच प्रश्न ‘म्हणजे काय’ने संपत असतील, तर वही फक्त पाठांतर तपासते. प्रत्येक मथळ्याला एक आठवायचा, एक ‘का’चा आणि एक करून बघायचा, असे तीन प्रश्न असावेत. आपल्या पानातून निघणारे काही असे:

काचेतून हवेत येताना किरण स्तंभिकेकडे वळेल की दूर? का?
लंब पडणाऱ्या किरणाचा वेग बदलतो, मग दिशा का बदलत नाही?
अपवर्तनांकाला एकक का नसतं?
हवेतून काचेवर ३० अंशांनी पडणाऱ्या किरणाचा अपवर्तन कोन किती?
वाटीत ८ सेंटिमीटर पाणी आहे. तळाशी ठेवलेलं नाणं वरून बघताना किती खोल दिसेल?

शेवटच्याचं उत्तर खोलीला अपवर्तनांकाने भागून येतं: ८ भागिले १.३३, म्हणजे जवळपास ६ सेंटिमीटर. चौथ्याचं असं: sin ३०° = ०.५, त्याला १.५ ने भागलं की ०.३३ येतं, म्हणजे कोन साधारण साडेएकोणीस अंश. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सूत्रात i आणि r यांची अदलाबदल. मग sin r ०.७५ येतो आणि कोन ३० अंशांपेक्षा मोठा निघतो. पहिल्या मथळ्याखाली काय लिहिलंय ते आठवलं, तर चूक तिथल्या तिथे सापडते: घन माध्यमात जाताना किरण स्तंभिकेकडे येतो, म्हणून कोन लहानच हवा. अशी पडताळणीची ओळही उत्तराखाली लिहावी.

उत्तरं लिहिताना पुन्हा सगळा धडा लिहायचा मोह होतो. नोट्सचं एक पान असेल तर उजळणीच्या वहीत दीड पानाहून जास्त होऊ नये. आकृतीला मात्र जागा राखून ठेवावी. नाण्याची आकृती न बघता काढता आली, किरण पाण्याबाहेर पडताना स्तंभिकेपासून दूर वळवला आणि डोळ्याने तो मागे सरळ वाढवून वरच्या बिंदूला मिळवला, तर चौथा मथळा आला असं समजावं. शब्दांत उत्तर देणारी पण आकृती अडणारी मुलं वर्गात पुष्कळ असतात.

ही वही विषयानुसार बदलते. इतिहासात व्याख्या कमी आणि ‘का’चे प्रश्न जास्त, बीजगणितात व्याख्या दोनचार आणि सोडवून बघायचे प्रश्नच पुष्कळ. मित्राची तयार वही झेरॉक्स करून आणली तर प्रश्न मिळतात, पण मथळे ठरवताना आणि शब्द झाकून पाहताना जे कळतं ते मिळत नाही. बाजारच्या गाईडचंही तेच आहे.

आज संध्याकाळी एकच पान घ्या, आजच्याच तासाचं. तुटक ओळी भरा, मथळे पाडा, व्याख्या तपासा, प्रश्न लिहा. उद्या उत्तरं झाकून ते सोडवा, जे अडतील त्यांच्यापुढे ठिपका द्या, आणि आठवड्याने आधी फक्त ठिपक्यांचे प्रश्न घ्या.