एक आगाऊ टक्का

मागच्या रविवारी माझी भाची ड्रॉइंग पेपरची गुंडाळी काखेत मारून माझ्याकडे आली. चेहरा अगदी रडवेला.

"मावशी, मी तीनदा बेरीज केली गं. तिन्ही वेळा एकशे एकच येतंय. कुठे चुकलंय तेच सापडत नाहीये!"

तिच्या वर्गाला प्रकल्प होता: आपल्या वर्गातली मुलं शाळेत कशी येतात, त्याचा वृत्तालेख काढा. वर्गात ३६ मुलं. तिने हात वर करायला लावून मोजणी केली होती. चालत येणारी ११, सायकलने येणारी १०, एसटीने येणारी ९ आणि रिक्षाने येणारी ६. कागदावर छान गोल काढून त्याच्या चार पाकळ्या चार रंगांनी रंगवल्या होत्या आणि प्रत्येक पाकळीत टक्के लिहिले होते:

चालत – ३१ टक्के
सायकल – २८ टक्के
एसटी – २५ टक्के
रिक्षा – १७ टक्के

तुम्हीही बेरीज करून बघा. ३१ आणि २८ झाले ५९. त्यात २५ मिळवले की ८४. आणि वर १७ म्हणजे... १०१! आता सांगा, अख्खा वर्ग म्हणजे शंभर टक्के. मग हा एकशे एकावा टक्का कोणाचा? वर्गात कोणी चोरून शिरलं की काय?

मी म्हटलं, "आधी चित्र तपासू. कंपासपेटीतला कोनमापक काढ."

पूर्ण गोलाचे ३६० अंश आणि मुलं ३६. म्हणजे एका मुलामागे बरोबर १० अंश. चालत येणाऱ्यांची पाकळी ११० अंशांची हवी, सायकलवाल्यांची १००, एसटीवाल्यांची ९० आणि रिक्षावाल्यांची ६०. आम्ही एकेक कोन मोजला. सगळे चोख! बेरीज ३६०. चारही पाकळ्या एकमेकींना नीट चिकटून बसलेल्या. कुठे फट नाही, कुठे एकीवर दुसरी चढलेली नाही.

म्हणजे मोजणी बरोबर, चित्रही बरोबर. गडबड होती ती फक्त पाकळ्यांवर लिहिलेल्या आकड्यांत.

"आता हे ३१ कसे काढलेस ते दाखव," मी म्हटलं.

तिने वही उघडली. ११ भागिले ३६, गुणिले १००. उत्तर आलं होतं ३०.५५५५... पाच संपतच नाहीत. एवढे पाच पाकळीत कुठे लिहिणार? म्हणून बाईंनी शिकवलेला नियम तिने लावला होता: दशांश चिन्हापुढचा भाग अर्धा किंवा अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर वरचा पूर्णांक घ्यायचा, अर्ध्याहून कमी असेल तर तो भाग सोडून द्यायचा. ३०.५६ चे झाले ३१. सायकलचे खरे टक्के २७.७८, त्याचे झाले २८. रिक्षाचे १६.६७, त्याचे १७. एसटीचे मात्र नेमके २५, त्यांना हात लावायची गरजच नव्हती.

प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे. तरी बेरीज चुकली! गंमत बघा, हा एक टक्का कुठल्याच एका पाकळीत लपलेला नाही. तो तीन पाकळ्यांत थोडा थोडा वाटला गेलाय. आपण सायकलचा आकडा २७.७८ वरून २८ वर नेला तेव्हा त्या पाकळीला थोडी खिरापत फुकट दिली. कुणाला किती दिली ते मोजू. दशांशात आकडे तुटतात, म्हणून नवमांशात मोजू या. म्हणजे एकाचे नऊ सारखे भाग.

चालत येणाऱ्यांना मिळाले चार नवमांश. सायकलला दोन नवमांश. रिक्षाला तीन नवमांश. एसटीला काहीच नाही.

चार, दोन आणि तीन मिळून नऊ. नऊ नवमांश म्हणजे एक पूर्ण! सापडला की नाही आपला आगाऊ टक्का?

मग नेहमीच असं का होत नाही? कारण एरवी काही पाकळ्यांचे आकडे वर चढतात, तर काहींचे खाली उतरतात. एकीला जे फुकट मिळतं ते दुसरीकडून गेलेलं असतं, त्यामुळे बऱ्याचदा फिटंफाट होते. आमच्या वृत्तालेखात तीन आकडे चढले आणि उतरला एकही नाही. याच्या उलट झालं तर बेरीज ९९ येते.

"मग मी दशांश चिन्हापुढचा एक आकडाही लिहिते," भाची म्हणाली. लिहून पाहिलं: ३०.६, २७.८, २५.० आणि १६.७. बेरीज १००.१! मग दोन आकडे लिहिले: ३०.५६, २७.७८, २५.०० आणि १६.६७. बेरीज १००.०१! आगाऊपणा दर वेळी दहा पटींनी लहान झाला, पण गेला काही नाही.

आता तिने खोडरबर उचललं. "रिक्षाचा एक कमी करते. ती सगळ्यांत लहान पाकळी आहे, कोणाच्या लक्षातही येणार नाही."

मी तिचा हात धरला. लक्षात येणार नाही म्हणून रिक्षाचं का कापायचं? रिक्षाचे खरे टक्के १६.६७. तिथे १६ लिहिलं तर ०.६७ ची चूक होते. त्यापेक्षा ज्याला सगळ्यांत जास्त फुकट मिळालंय त्याच्याकडून परत घेऊ. चार नवमांश कोणाला मिळाले होते? चालत येणाऱ्यांना. त्यांचे ३०.५६ जेमतेम अर्ध्याची रेघ ओलांडून वर चढले होते. तिथे ३० लिहिलं तर चूक ०.५६ ची, म्हणजे सगळ्यांत कमी.

हेच काम पायरीपायरीने करायची एक पक्की रीत आहे. ती अशी.

पहिल्यांदा कोणालाच वर चढवायचं नाही. दशांश चिन्हापुढचं सगळं बाजूला ठेवायचं. उरतात ३०, २७, २५ आणि १६. त्यांची बेरीज ९८. म्हणजे शंभराला दोन टक्के कमी पडले. हे दोन टक्के एकेक करून वाटायचे. कोणाला? ज्याचा बाजूला ठेवलेला भाग सगळ्यांत मोठा, त्याला आधी. आमच्याकडे बाजूला पडलं होतं ते असं: सायकलचे ०.७८, रिक्षाचे ०.६७, चालत येणाऱ्यांचे ०.५६ आणि एसटीचं शून्य. पहिला टक्का सायकलला, दुसरा रिक्षाला. वाटप संपलं!

चालत ३०, सायकल २८, एसटी २५, रिक्षा १७. बेरीज बरोबर १००.

या रितीला सर्वांत मोठ्या शिलकीची पद्धत म्हणतात, आणि ती वृत्तालेखासाठी शोधलेली नाही! अमेरिकेत कुठल्या राज्याने संसदेत किती प्रतिनिधी पाठवायचे हे लोकसंख्येवरून ठरवायचं होतं. तिथेही हाच घोळ. अर्धा प्रतिनिधी कसा पाठवणार? तेव्हाचे अर्थमंत्री ॲलेक्झांडर हॅमिल्टन यांनी ही पद्धत मांडली. पण १७९२ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तिचं विधेयक नाकारलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरल्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या शतकात मात्र तिथे हीच पद्धत बरीच वर्षं चालली आणि तिच्यातली एक विचित्र गोष्ट उघडी पडली. १८८० च्या जनगणनेनंतर हिशेब करताना दिसलं की सगळ्या मिळून २९९ जागा धरल्या तर अलाबामा राज्याला ८ जागा मिळतात आणि ३०० धरल्या तर ७! एकूण जागा वाढल्या आणि अलाबामाची एक कमी झाली. आपल्याला हा त्रास नाही, कारण आपण वाटतो ते नेहमी शंभरच.

तरी या रितीची किंमत मोजावी लागते. आता कोणी गणित करून पाहिलं तर म्हणेल, "११ भागिले ३६ म्हणजे ३०.५६, मग इथे ३१ ऐवजी ३० कसे?" बेरीज जुळली, पण एक आकडा नेहमीच्या नियमात बसेना. म्हणून दुसरा, अगदी सरळ उपाय असा की आकडे नियमाप्रमाणेच ठेवायचे आणि खाली एक ओळ लिहायची: "टक्के जवळच्या पूर्णांकात लिहिले आहेत, त्यामुळे बेरीज १०० होईलच असं नाही."

पण थांबा! बेरीज चुकली की दर वेळी ही ओळ लिहून सुटायचं नाही हं. एका पाकळीचा आकडा जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने सरकतो. म्हणजे चार पाकळ्या मिळून फरक दोन टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. चार पाकळ्यांची बेरीज १०४ आली तर मोजणीतच काहीतरी चुकलंय. कदाचित कोणीतरी दोनदा हात वर केला असेल: कधी सायकलने येतो, कधी चालत. एकाने दोन उत्तरं द्यायची असतील तर वृत्तालेख काढूच नये, स्तंभालेख काढावा.

आणि कोन काढताना टक्क्यांवरून काढू नका, मुलांच्या संख्येवरून काढा. एक टक्का म्हणजे ३.६ अंश. भाचीने १०१ टक्क्यांवरून कोन काढले असते तर ते ३६३.६ अंश झाले असते आणि शेवटची पाकळी गोलात मावलीच नसती!

शेवटी तिने काय केलं? आकडे ३१, २८, २५ आणि १७ च ठेवले. खाली ती ओळ लिहिली. आणि प्रत्येक पाकळीत टक्क्यांच्या वर ठळक अक्षरांत मुलांची संख्याही लिहिली: ११, १०, ९, ६. त्यांची बेरीज ३६. तिथे कोणी आगाऊ नाही.

निघताना दारात थांबून तिने मलाच कोडं घातलं. "मावशी, ३० मुलं असतील आणि आंबा, केळं, पेरू प्रत्येकी १० जणांना आवडत असेल, तर?"

प्रत्येकाचे ३३.३३, म्हणजे ३३. बेरीज ९९. एक टक्का वाटायचा राहिला आणि तिघांची शिलक अगदी सारखी! आता हा टक्का कोणाला द्यायचा? आंब्याला ३४ दिले तर पेरूवाल्यांनी काय घोडं मारलंय? इथे तिघांनाही ३३ च ठेवायचे आणि खाली ती एक ओळ लिहायची.

आता तुमच्या वर्गात मोजणी करा. तुमची बेरीज ९९ येते, १०० येते, की १०१?