मस्टरवरचा समान रोज

२१ नोव्हेंबर २०२५ला वेतन संहिता लागू झाली आणि १९७६चा समान वेतन कायदा पन्नाशीच्या उंबरठ्यावर निकालात निघाला. त्याचं सार आता संहितेच्या एका कलमात आहे. आमच्या यवतमाळात कुणी हळहळल्याचं मला तरी दिसलं नाही.

नव्वदनंतरची वर्षं परिसंवादांत आणि महिला दिनाच्या भाषणांत गेली. ती सोडून देऊ. मला आठवतं ते ऐंशीचं दशक, रोजगार हमीचं. दर ठरलेला होता खोदलेल्या मातीला, खोदणाऱ्या हाताला नव्हे. कागदावर यापेक्षा समान काय असणार? प्रत्यक्षात नवरा खोदायचा, बायको टोपली वाहायची, माप जोडीचं निघायचं आणि पैसे नवऱ्याच्या हाती पडायचे. एकट्या बाईचं माप कसं काढणार, या प्रश्नावर एका मुकादमाशी झालेलं माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

त्याच दशकात, १९८७मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मॅकिनन मॅकेन्झी खटल्याचा निकाल दिला. मुंबईतल्या या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या आणि पुरुष स्टेनोंपेक्षा त्यांना पगार कमी होता. कंपनीने युनियनशी झालेला करार आणि पैशाची अडचण पुढे केली. न्यायालयाने दोन्ही बाजूला सारून पाहिलं ते काम.

आजही तपासणी तशीच करावी लागते. जिनिंगचं उदाहरण घेऊ, आकडे हिशेबापुरते. आठ तासांचे बाईला ४०० रुपये, पुरुषाला ५६०. मालक म्हणतो, तो गठाणी उचलतो. मग आठवडाभर वहीत टिपायचं : उचलणं किती तास, कवडी निवडणं किती? समजा, सहा तास दोघंही निवडतात. बाईच्या दराने त्या सहा तासांचे ३०० झाले. उरलेल्या दोन तासांना पुरुषाला २६० पडतात, म्हणजे तासाला १३०, बाईला ५०. उचलण्याला जास्त दर मिळावा, पण अडीचपटीहून जास्त का, हे मालकाने सांगावं. दाव्यासाठी दोघांचा मालक एकच हवा. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी हवी, किरकोळ फरक चालतो. पगारपत्रक मागून ठेवावं. दावा तीन वर्षांच्या आत, स्वतः किंवा युनियनमार्फत करता येतो. आणि बरोबरी करायची म्हणून मालकाला पुरुषाचा रोज खाली आणता येत नाही.

मालकांनी मात्र यातून वाट काढलीच. पुरुषाला हमाल म्हणायचं, बाईला मजूर, आणि दोघांना एका कामावर उभंच करायचं नाही. डिकॉस्टांच्या कंपनीतही बायकांसाठी वेगळ्या काढलेल्या स्टेनोच्या पदावर पुरुष नेमतच नसत. न्यायालयाने ती चलाखी ओळखली. आमच्याकडे कापूस वेचणीला बहुतेक बायाच असतात आणि फवारणीला पुरुष. तिथे वेचणारणीने आपला रोज कुणाच्या रोजाशी ताडून पाहायचा, याचं उत्तर जुन्या कायद्याकडे नव्हतं आणि नव्या संहितेतही नाही.